बघ्यांचे उसने चेहरे : ४८ सेकंदांच्या एका प्रसंगाचं प्रकरण

एका माहितीपटात ४८ सेकंदांचा एक प्रसंग होता. रस्ता ओलांडताना सायकलचा धक्का लागून एक वयस्क गृहस्थ पडतात आणि रुग्णवाहिका येईपर्यंत भोवती बघे जमतात. पडलेले गृहस्थ आणि त्यांच्याजवळ बसलेली त्यांची मुलगी, या दोघांनी लेखी संमती दिली होती. उरले २७ जण. त्यांतल्या एकालाही कुणी विचारलं नव्हतं, आणि चित्रीकरणानंतर आठ महिन्यांनी त्यांना शोधून विचारणं शक्यही नव्हतं.

या प्रसंगाचं संकलन माझ्याकडे होतं. ते २७ चेहरे ब्लर न करता त्यांच्या जागी संगणकानं तयार केलेले, कुणाचेच नसलेले चेहरे बसवायचे, असं ज्या बैठकीत ठरलं तिथं मी होते आणि मीही मान डोलावली होती. पुढं जे झालं त्याची ही नोंद. कुणाची ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत, प्रसंगातल्या एकदोन गोष्टीही वेगळ्या केल्या आहेत. हे आधीच सांगून टाकते, कारण माहितीपटात नेमकं एवढंच सांगायचं आम्ही टाळलं होतं.

ब्लर का नको होता

दिग्दर्शिकेचा पहिला आक्षेप दिसण्याबद्दल होता. ब्लर केलेला माणूस संशयित वाटतो. बातम्यांमध्ये आपण धूसर चेहरा बघतो तो बहुतेक वेळा आरोपीचा किंवा पीडिताचा. रस्त्यानं जाणाऱ्या २७ साध्या माणसांच्या मानेवर धुक्याचे गोळे बसवले की त्या जागी काहीतरी लपवण्यासारखं घडलं असं वाटायला लागतं. शिवाय माहितीपटाचा विषयच बघे हा होता. माणूस पडल्यावर गर्दी काय करते, कोण पुढं येतं, कोण नुसतं बघतं. चेहरे पुसले तर प्रसंगातलं निम्मं निघून जातं, हे तिचं म्हणणं मला पटलं होतं.

दुसरा आक्षेप तांत्रिक होता आणि तो आमच्यातल्या ग्राफिक्सवाल्या सहकाऱ्यानं मांडला. ब्लर म्हणजे सुरक्षित, हा समज फार जुना आणि फारसा खरा नसलेला. एलेन न्यूटन, लतान्या स्वीनी आणि ब्रॅडली मेलिन यांनी २००५ मध्येच दाखवून दिलं होतं की ओळख पटवणाऱ्या यंत्रणेला स्पष्ट फोटोंऐवजी तसेच बिघडवलेले फोटो दाखवून शिकवलं, तर बिघडवलेल्या चेहऱ्यांतूनही ती माणसं ओळखते. ब्लर उलटा फिरवून मूळ चेहरा बाहेर काढायची गरजच पडत नाही. संशय असलेल्या माणसांचे फोटो स्वतःच ब्लर करायचे आणि धुक्याशी धुकं ताडून बघायचं. २०१६ मध्ये मॅकफर्सन, शोक्री आणि श्मातिकोव्ह यांनी न्यूरल नेटवर्क वापरून मोझेक आणि ब्लर या दोन्हींवर हेच करून दाखवलं. त्यासाठी संभाव्य माणसांची यादी हाताशी असावी लागते, हे खरं. पण एका चौकातल्या बघ्यांची यादी बनवणं त्या चौकात रोज येणाऱ्याला अवघड नसतं.

तेव्हा चेहरे बदलण्याचा पर्याय दोन्ही बाजूंनी सरस वाटला. आजही त्यातला खासगीपणाचा भाग मला चुकीचा वाटत नाही. आम्ही ज्या जातीचं साधन वापरलं त्यातलं सर्वांत माहितीचं नाव म्हणजे नॉर्वेतल्या एनटीएनयू विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये मांडलेलं डीपप्रायव्हसी. त्याची रीत अशी. आधी चेहरा शोधायचा. मग त्या चौकटीतला सगळा भाग कापून टाकायचा, अक्षरशः भोक पाडायचं. फोटोंवर शिकवलेल्या संगणकीय प्रारूपाला ते भोक, त्याच्या आजूबाजूचं चित्र आणि सात बिंदू एवढंच द्यायचं : दोन डोळे, दोन कान, नाक आणि दोन खांदे. त्यावरून प्रारूप नवा चेहरा रंगवतं. मूळ चेहऱ्याचा एकही पिक्सेल आत जात नाही, त्यामुळे बाहेर आलेल्या चेहऱ्यात तो मागं उरण्याचा प्रश्नच येत नाही. ब्लरमध्ये मूळ चेहरा पातळ होऊन का होईना, शिल्लक असतो. इथं तो नसतोच.

त्या सात बिंदूंत तोंड नाही, हे वाचक विसरले नसतील तर पुढची गोष्ट त्यांना आधीच कळली असेल. मी मात्र विसरले होते.

हसणारी बाई

माहितीपट दाखवला गेला आणि दोन आठवड्यांत त्या प्रसंगातली एक चौकट लोकांनी कापून फिरवायला सुरुवात केली. पुढं गृहस्थ जमिनीवर पडलेले, मुलगी त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसलेली, आणि मागं निळ्या जाकिटातली एक बाई चक्क हसते आहे. ओठ किंचित विलग, गाल वर गेलेले. खाली लोकांनी काय काय लिहिलं असेल ते सांगायला नको. ‘माणुसकी मेली’ हे त्यातलं सभ्य वाक्य.

मी मूळ फुटेज उघडलं. तीच चौकट, तेच निळं जाकीट. बाईंनी उजव्या हाताचा पंजा तोंडावर दाबून धरला होता. डोळे विस्फारलेले. घाबरलेलं माणूस जसं उभं राहतं तशा त्या उभ्या होत्या, आणि आमच्या आवृत्तीत तो हात मनगटापाशी संपत होता. म्हणजे मनगट हनुवटीखाली जाकिटाच्या कॉलरला टेकलेलं दिसत होतं आणि पुढं बोटंच नव्हती. चौकट कापताना चेहऱ्याबरोबर पंजाही कापला गेला होता. प्रारूपाला चेहऱ्याच्या जागी भोक मिळालं, तोंड झाकलेलं आहे हे सांगणारं काहीच मिळालं नाही, आणि त्यानं त्याच्या सवयीनं तोंड काढलं.

ही सवय कुठून आली तेही सांगण्यासारखं आहे. डीपप्रायव्हसी ज्या फोटोंवर शिकलं ते सुमारे १४.७ लाख चेहरे फ्लिकर या फोटो चढवण्याच्या संकेतस्थळावरून घेतलेले होते. अशा प्रारूपांसाठी सर्रास वापरला जाणारा ७० हजार चेहऱ्यांचा एफएफएचक्यू हा संचही फ्लिकरवरचाच. फोटो चढवणारी माणसं कॅमेऱ्याकडे बघून हसतात. अपघाताशेजारी उभं राहून कुणी स्वतःचा फोटो काढून ठेवत नाही. त्यामुळे तोंडाबद्दल काहीच कळलं नाही की असं प्रारूप सौम्य हसण्याकडे झुकतं. मग मी आमचे सगळे बदललेले चेहरे एकेक करून मोठे करून बघितले. ठळक हसणारी ती एकच बाई होती, पण बाकीच्यांतही काळजी, भीती, कपाळाला आठी असं जवळपास काही उरलं नव्हतं. सगळे फोटो काढायला उभे असल्यासारखे शांत. बघे कसे वागतात या विषयावरच्या माहितीपटात आम्ही बघ्यांच्या भावनाच बदलून ठेवल्या होत्या.

ब्लर असता तर? तोंडावरचा हात धूसर झाला असता, पण दंडाचा आणि कोपराचा कोन दिसला असता, आणि प्रेक्षकाला कळलं असतं की इथं काहीतरी झाकलेलं आहे, ते मला माहीत नाही. ‘मला माहीत नाही’ हे ब्लर प्रेक्षकाला सांगतो. बदललेला चेहरा सांगतो, ‘ही हसली.’ त्या बाईंची ओळख आम्ही राखली होती, हे शंभर टक्के खरं. पण त्या चौकात त्या दिवशी निळं जाकीट घालून त्या उभ्या होत्या हे त्यांच्या ओळखीच्या कुणाला माहीत असेल, तर त्या माणसाच्या लेखी आता त्या हसल्या होत्या. चेहरा बदलला तरी कपडे, उंची, उभं राहण्याची ढब, केस, शेजारी कोण होतं, हे सगळं जसंच्या तसं राहतं. ओळखीच्या माणसांना तेवढं पुरतं.

सत्ताविसावा माणूस

या प्रकारानंतर आमचा धीर सुटला आणि मी मूळ फुटेज आणि अंतिम आवृत्ती एकावर एक ठेवून तपासायचं ठरवलं. हे खरं तर पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. पद्धत सोपी आहे. दोन्ही व्हिडिओंमधला प्रत्येक पिक्सेलचा फरक काढायचा. जिथं काही बदललं नाही तिथं काळं, जिथं बदललं तिथं उजेड. ffmpeg या व्हिडिओच्या साधनात त्याची आज्ञा अशी :

```
ffmpeg -i original.mov -i swapped.mov -filter_complex \
"[0:v]format=gbrp[a];[1:v]format=gbrp[b];[a][b]blend=all_mode=difference" \
-pix_fmt yuv420p diff.mp4
```

मधला `format=gbrp` गाळला तर सगळं चित्र हिरवं येतं, त्यावर माझा एक तास गेला. आणि तुलना रंगसंस्कार होण्याआधीच्या फायलींचीच करायला हवी, नाहीतर सगळीकडेच फरक दिसतो.

काळ्या पडद्यावर चेहऱ्यांच्या जागी उजळ ठिपके सरकताना दिसत होते. काजव्यांसारखे. मी मोजले. २६ भरले. पुन्हा मोजले. २६. सत्ताविसावा शोधायला मला फार वेळ लागला नाही, कारण मूळ फुटेजमध्ये तो डाव्या कडेला, थांबलेल्या बसच्या खिडकीत बसलेला होता. टोपी घातलेली, काचेवर उजेडाची तिरीप. चेहरा शोधणाऱ्या प्रारूपाला तो दिसलाच नव्हता. माणसाला मात्र, पडदा मोठा असेल तर, तो अगदी नीट दिसत होता. पहिला शॉट ३० सेकंदांचा, म्हणजे सेकंदाला २५ फ्रेमच्या हिशेबानं ७५० फ्रेम, आणि त्या सगळ्यांत त्याचा खराखुरा चेहरा होता.

प्रदर्शनाआधी हा प्रसंग आम्ही तिघांनी, खास चेहऱ्यांसाठी म्हणून, प्रत्येकी निदान तीनदा बघितला होता. तिघांच्याही लक्षात आलं नाही. आणि कसं येणार? खरा चेहरा आणि बनवलेला चेहरा शेजारी शेजारी, दोन्ही सारखेच खरे. ब्लरच्या आवृत्तीत २६ धूसर गोळ्यांमध्ये एक स्वच्छ चेहरा पहिल्याच फेरीत डोळ्यात घुसला असता.

माझ्या मते या तंत्राची सगळ्यात वाईट बाजू ही आहे, आणि तिच्याबद्दल बोललं जातं ते सर्वांत कमी. चेहरा शोधण्याचं कोणतंही तंत्र काही चेहरे सोडतं. गुगलच्या स्ट्रीट व्ह्यूसाठी केलेल्या यंत्रणेवर २००९ मध्ये निघालेल्या शोधनिबंधात ८९ टक्क्यांहून अधिक चेहरे झाकले गेल्याचं म्हटलं आहे. आजची तंत्रं पुष्कळ सुधारली आहेत, पण टोपी, काच, आरसा, तिरका चेहरा, पाठमोरं वळताना अर्धा सेकंद दिसलेली बाजू, ही ठिकाणं अजूनही निसटतात. स्ट्रीट व्ह्यूमध्ये निसटलेला चेहरा दिसतो. ज्याचा आहे तो बघतो, ‘माझा राहिला’ म्हणून कळवतो आणि तो झाकला जातो. चूक उघडी असल्यामुळे ती सुधारायला अनोळखी माणसंही मदत करतात. आमच्या प्रसंगात ही वाटच बंद झाली होती. बसमधल्या माणसानं स्वतः तो माहितीपट बघितला असता तर त्यानं स्वतःला ओळखलं असतं, पण बाकीच्यांचे चेहरे बदललेले आहेत आणि आपलाच तेवढा राहिला आहे, हे त्याला कळायला कोणताही मार्ग नव्हता.

त्याच तपासणीत एक लहान गोष्टही सापडली. पहिल्या शॉटमध्ये करड्या स्वेटरातला एक तरुण पाण्याची बाटली घेऊन धावत येतो. दुसऱ्या, उलट्या बाजूच्या शॉटमध्ये तोच गुडघ्यावर बसून पाणी पाजतो. साधनानं प्रत्येक शॉटसाठी नवा चेहरा काढला होता. त्यामुळे मदत करणारे एकाचे दोन झाले. माहितीपटाच्या निवेदनात ‘एकच माणूस पुढे आला’ असं वाक्य होतं आणि पडद्यावर दोन दिसत होते. दोन्ही शॉटमध्ये एकच बनावट चेहरा ठेवणं तांत्रिकदृष्ट्या जमतं. पण मग साधनाला आधी ठरवावं लागतं की हा तोच माणूस आहे, म्हणजे मूळ चेहऱ्याचीच ओळख पटवावी लागते. जे टाळायला निघालो तेच आत बसवायचं. आमच्या प्रसंगात स्वेटरवरून हातानं जुळवता आलं असतं. हजारो क्लिपांवर कुणी हातानं जुळवत बसणार नाही.

‘हा माझा भाऊ आहे’

आम्ही दुरुस्तीला बसलो होतो तेवढ्यात एक पत्र आलं. लिहिणाऱ्या बाईंचं म्हणणं असं की त्या गर्दीत खिशात हात घालून उभा असलेला माणूस हा त्यांचा भाऊ आहे. भाऊ त्या दिवशी दुसरीकडे असल्याचं त्यानं घरी सांगितलं होतं. आता घरात वाद पेटला आहे आणि त्यांना एवढंच विचारायचं होतं, ‘चित्रीकरणाची तारीख कोणती?’

खिशात हात घातलेला माणूस बदललेल्या २६ जणांपैकी होता. म्हणजे तो चेहरा कुणाचाच नव्हता. तरी तो कुणासारखा तरी होताच. यात नवल काही नाही. समजा, चेहरा जुळवणारी एखादी यंत्रणा १० लाखांत एकदाच चुकीची जुळणी देते. बरीच काटेकोर म्हणायची. तिच्या साठ्यात १ कोटी चेहरे असतील, तर कुणाचाच नसलेला एक चेहरा टाकल्यावर सरासरी १० माणसं ‘सापडतील’. २६ चेहरे टाकले तर २६०. हे गणित ढोबळ आहे. लांबून घेतलेले, लहान, तिरपे चेहरे यंत्रणा अनेकदा नाकारते, आणि साठ्यातली माणसंही एकमेकांपासून सारखीच वेगळी नसतात. पण दिशा तीच राहते. पुरेशा मोठ्या साठ्यापुढं ‘अस्तित्वात नसलेला माणूस’ अशी चीज नसते. आणि नातेवाइकांच्या डोळ्यांना तर १ कोटींचा साठाही लागत नाही, एक भाऊ पुरतो. शिवाय अशी प्रारूपं कधी कधी शिकताना बघितलेल्या खऱ्या माणसांच्या फार जवळचे चेहरे बाहेर काढतात, हे वेबस्टर आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये दाखवलं आहे.

उत्तर काय द्यायचं यावर आमची दोन तास चर्चा झाली. तारीख सांगून भागणार नव्हतं, कारण ती नेमकी वादातल्याच आठवड्यातली होती. ‘तो चेहरा बनवलेला आहे’ असं लिहिलं, तर बाईंनी ते का मानावं? ज्यांनी चेहरे बदलल्याचं लपवलं तेच आता सोयीनं बदलल्याचं सांगताहेत. खरा पुरावा एकच होता, मूळ फुटेज. ते दाखवलं तर त्यांचा भाऊ सुटला असता आणि ज्या माणसाची ओळख राखायचं आम्ही ठरवलं होतं तो, खिशात हात घालून उभा असलेला खरा माणूस, एका अनोळखी कुटुंबापुढं उघडा पडला असता. एका तिऱ्हाइताला निर्दोष ठरवायला दुसऱ्या तिऱ्हाइताचा चेहरा खर्ची घालायचा.

शेवटी आम्ही फरकाच्या व्हिडिओतली ती एक फ्रेम पाठवली. काळ्या पडद्यावर त्या माणसाच्या डोक्याच्या जागी उजळ ठिपका. तिथं चेहरा बदलला आहे एवढं त्यातून सिद्ध झालं असतं. पण फरकाच्या चित्रात मूळ चेहऱ्याचा अंश असतो. बदललेला चेहरा सर्वांच्या हाती आहे, फरक दिला की मूळच्या जवळ जाता येतं. म्हणून पाठवण्याआधी त्या ठिपक्याच्या जागी सपाट पांढरा चौकोन भरला. म्हणजे पुन्हा आमच्या शब्दावरच विश्वास ठेवा, असंच झालं. बाईंचं उत्तर आलं नाही.

सांगितल्यावर काय झालं

दुरुस्तीआधीची घाईची पायरी म्हणून आम्ही सुरुवातीला एक पाटी टाकली : ‘या माहितीपटातील काही व्यक्तींचे चेहरे गोपनीयतेसाठी संगणकाच्या साहाय्याने बदलले आहेत.’ फाइलच्या मेटाडेटात आयपीटीसी या वृत्तमाध्यमांसाठी मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या यादीतलं `compositeWithTrainedAlgorithmicMedia` हे मूल्यही घातलं, म्हणजे खऱ्या चित्रात प्रारूपानं बनवलेला भाग मिसळलेला आहे ही नोंद झाली.

पाटीतला घातक शब्द ‘काही’. पुढच्या खेळानंतर पहिलाच प्रश्न आला, ‘पडलेले गृहस्थ खरे आहेत ना?’ दुसरा, ‘मुलीचं रडणं?’ ज्या दोघांनी नाव-चेहऱ्यासकट पुढं यायचं धैर्य दाखवलं, संशय त्यांच्यावर आला. मुलगी आमच्यावर रागावली आणि तिचा राग रास्त होता. मेटाडेटातली खूणही सबंध फाइलबद्दल बोलते, डावीकडून तिसरा चेहरा खरा की खोटा हे ती सांगत नाही. आणि चौकट कापून फिरवली की ती खूण बहुधा मागंच राहते.

प्रेक्षकांनी नीट बघितलं तर कळेल, अशीही आशा करण्यात अर्थ नाही. सोफी नायटिंगेल आणि हॅनी फरीद यांच्या २०२२ च्या अभ्यासात लोकांना खरे आणि बनवलेले चेहरे वेगळे करायला सांगितलं होतं. बरोबर उत्तरांचं प्रमाण ४८.२ टक्के, म्हणजे नाणं उडवण्याइतकंच. वर लोकांनी बनवलेल्या चेहऱ्यांना खऱ्यांपेक्षा थोडं जास्त विश्वासार्ह ठरवलं. आमच्या प्रसंगात याचा अर्थ असा की, संशयी प्रेक्षकाला सर्वांत खोटी वाटण्याची शक्यता कुणाची, तर अपघातानं चेहरा विस्कटलेल्या दोन खऱ्या माणसांची.

चेहरे बदलूनही विश्वास टिकवता येतो का? येतो, आणि त्याचं उदाहरण समोर होतं. डेव्हिड फ्रान्स यांच्या ‘वेलकम टू चेचन्या’ या २०२० च्या माहितीपटात जिवाच्या भीतीनं पळालेल्या माणसांवर दुसऱ्यांचे चेहरे बसवले होते. पण ते चेहरे स्वेच्छेनं आपला चेहरा देणाऱ्या खऱ्या माणसांचे होते. प्रेक्षकांना सुरुवातीलाच सांगितलं होतं, आणि चेहऱ्यांच्या कडा मुद्दाम किंचित मऊ ठेवल्या होत्या, म्हणजे बदल कुठं आहे ते प्रत्येक क्षणी दिसत राहावं. हावभाव मूळ माणसांचेच राखले होते. आम्ही त्यातलं ‘चेहरा बदला’ एवढंच उचललं होतं. शिवाय तिथं बदललेली माणसं कथेच्या मध्यभागी होती, एकेकावर वेळ देता येत होता. २७ बघ्यांवर तेवढी मेहनत कुणी घेत नाही. बघे म्हणजे पार्श्वभूमी, आणि पार्श्वभूमी यंत्राकडे सोपवली जाते.

दुसऱ्या टोकाला वृत्तछायाचित्रणाचे नियम आहेत. असोसिएटेड प्रेसच्या नियमांनुसार छायाचित्रात काही घालायचं नाही, काढायचं नाही, आणि फोटोशॉपसारख्या साधनांनी चेहरे झाकायचेही नाहीत. झाकायचा असेल तर तसा फोटो मुळात काढतानाच : सावलीत, पाठमोरा. आधी हा नियम मला हटवादी वाटायचा.

नवी आवृत्ती

प्रसंग ४८ सेकंदांचा ३१ वर आला. पहिल्या शॉटची डावी कड फ्रेम आवळून कापली, त्यात बस आणि तिच्यातला माणूस पूर्ण बाहेर गेला. ज्या शॉटमध्ये चेहरे लांब होते तिथं एका रंगाचे सपाट, अपारदर्शक अंडाकृती आकार लावले. हलका ब्लर मुद्दामच नाही, कारण त्यातून ओळखता येतं हा सहकाऱ्याचा मुद्दा अजूनही तितकाच खरा होता. आकार दिसायला बरे नाहीत. दिग्दर्शिकेला ते आजही खटकतात, मलाही. पण त्यांच्यावरून मोजता येतं. आता २६ आकार आहेत, सत्ताविसावा चौकटीबाहेर आहे, आणि हे कुणीही पडदा थांबवून ताडून बघू शकतं.

निळ्या जाकिटातल्या बाईंच्या चेहऱ्यावरही आकार आहे, मात्र तो आता चेहऱ्याच्या कडेनं हातानं कापलेला आहे आणि पंजा त्याच्या वर ठेवला आहे. सपाट रंगावर दाबून धरलेली पाच बोटं. एवढ्यासाठी २१४ फ्रेम एकेक करून आखाव्या लागल्या, चार दिवस गेले. पाटीही बदलली : ‘झाकलेले चेहरे झाकलेले दिसतात. जो चेहरा दिसतो तो खरा आहे.’

मूळ फुटेजचं काय करायचं यावर मात्र आमचं अजून एकमत नाही. नष्ट केलं तर उद्या पुन्हा एखाद्या भावाबद्दल पत्र आलं की जुन्या आवृत्तीच्या फिरणाऱ्या तुकड्यांपुढं आमच्या हाती काहीच नसेल. ठेवलं तर २७ जणांचा खासगीपणा एका डिस्कच्या कुलपावर उभा आहे. सध्या ती डिस्क कूटबद्ध करून ठेवली आहे, संकेतशब्दाचे दोन भाग दोघांकडे आहेत, आणि माझ्या भागाचा कागद माझ्या टेबलाच्या खणात आहे.

यंत्रांना शिकवण्यासाठी लागणाऱ्या चित्रांमध्ये, उदाहरणार्थ गाडीवरच्या कॅमेऱ्याला पादचारी ओळखायला शिकवताना, चेहरे बदलायला माझी हरकत नाही. तिथं चेहऱ्यासारखा चेहरा हवा असतो आणि त्याच्या हसण्यावरून कुणी निवाडा करत नाही. निसटलेले चेहरे शोधायला फरकाचा व्हिडिओ तिथंही काढायला हवाच.

गेल्या महिन्यात ती जुनी चौकट मला पुन्हा एकदा कुणीतरी पाठवली, नवी असल्यासारखी. मी पाठवणाऱ्याला कळवलं की तो चेहरा बनवलेला आहे, बाईंनी तोंडावर हात धरला होता. त्यांचं उत्तर आलं, ‘असं म्हणता? पण दिसतंय तर हसताना.’